निरोपाच्या भाषणातून भविष्यकाळ: वर्कशीट कशी करायची

प्रश्न: नववीच्या मुलांसाठी निरोप समारंभाचं छोटं भाषण देऊन भविष्यकाळाची वर्कशीट करायचीय. रिकाम्या जागा दिल्या की मुलं सगळीकडे 'करणार' नाहीतर 'करेल' लिहून मोकळी होतात. नमुना देईल का कोणी?

मुलं 'करणार' लिहितात ते बऱ्याचदा बरोबरच असतं, घोळ वाक्यात असतो. 'मी अकरावीला कॉमर्स ____ (घे)' एवढंच दिलं तर 'घेईन' पण चालतं आणि 'घेणार आहे' पण चालतं, मग एकाला बरोबर दुसऱ्याला चूक कुठल्या आधारावर देणार? म्हणून भाषण लिहितानाच प्रत्येक जागेच्या आजूबाजूला असं काहीतरी ठेवायचं की ज्यावरून कळेल, हे आधीच ठरलेलं आहे, की आत्ता दिलेला शब्द आहे, की नुसती इच्छा आहे. निरोपाच्या भाषणात हे तिन्ही आपसूक येतं म्हणून ते या धड्याला चपखल बसतं.

मी वापरते तो नमुना देते, बोलणारी दहावीतली मुलगी आहे:

"सर, बाई आणि मित्रमैत्रिणींनो, आज आमचा निरोप समारंभ. घरी बोलून पक्कं झालंय, मी अकरावीला कॉमर्स (१)____ (घे). आमच्यातले तिघे आयटीआयला (२)____ (जा), त्यांनी ट्रेडसुद्धा निवडलेत. मार्क चांगले पडले तर पेढे घेऊन सगळ्यात आधी मी शाळेत (३)____ (ये), हा माझा शब्द. मला तिकडे नवीन मैत्रिणी (४)____ (मिळ), पण इथली मधली सुट्टी मी कधीच (५)____ (विसर, नकारार्थी). जूनमध्ये पहिली घंटा वाजेल तेव्हा आमच्या बाकांवर तुम्ही आधीच जागा धरून (६)____ (बस). नववीतल्यांनो, आम्ही लावलेल्या कडुनिंबाला तुम्ही पाणी (७)____ (घाल) ना? सगळ्या शिक्षकांना उत्तम आरोग्य (८)____ (लाभ). तुमच्या सगळ्या इच्छा पूर्ण (९)____ (हो). चला, (१०)____ (ये) आम्ही!"

उत्तरं: घेणार आहे, जाणार आहेत, येईन, मिळतील, विसरणार नाही, बसलेले असाल, घालाल, लाभो, होवोत, येतो.

पहिल्या दोन जागांना 'पक्कं झालंय' आणि 'निवडलेत' हे आधार आहेत, म्हणजे बेत आधीच ठरलाय, म्हणून 'णार'. तिसरीला 'हा माझा शब्द' आहे आणि अट पण आहे, म्हणून 'येईन'. इथे 'मार्क चांगले पडले तर' याकडे मुलांचं लक्ष मुद्दाम वेधा, गोष्ट पुढची असली तरी अटीच्या अर्ध्या भागात आपण 'पडले' हे भूतकाळाचं रूप बोलतो आणि भविष्यकाळ फक्त दुसऱ्या अर्ध्यात येतो. सहाव्या वाक्यात मात्र 'वाजेल तेव्हा' असं भविष्यकाळी रूपच येतं. हा फरक मुलं बोलताना अचूक करतात, पण लिहायला बसली की सगळीकडे 'पडतील तर' करून टाकतात.

पाचवी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'मी आठवण ठेवीन' हे बरोबर, पण नकार द्यायचा झाला की 'ठेवीन नाही' असं आपण म्हणत नाही, तिथे 'ठेवणार नाही' असंच येतं. म्हणजे नकारात 'ठरलेला बेत' आणि 'दिलेला शब्द' हा भेद रूपात दिसतच नाही, दोन्हीला 'णार नाही'. म्हणून नकारार्थी जागा एक तरी हवीच, पण 'ईन की णार' हे तपासायला ती वापरू नका, त्यासाठी होकारार्थी वाक्यच लागतं.

आता 'करेल'चं. खरी चूक असते 'मी येईल, मी करेल'. आपल्याकडे बऱ्याच भागांत बोलताना हे सर्रास चालतं, घरी आजी-आजोबासुद्धा तसंच बोलत असतील, त्यामुळे वर्गात त्यावर हसू देऊ नका, फक्त प्रमाण लेखनात मी असेल तर शेवटी 'न' येतो आणि तो, ती, ते असेल तर 'ल' येतो एवढं पक्कं करून घ्या. 'मी येईन, तो येईल' अशी जोडी वहीत शेजारी शेजारी लिहायला लावली की बऱ्याच जणांचं सुटतं. चौथी जागा मी याच्यासाठीच तिसरीनंतर लगेच ठेवलीय. 'मला' दिसलं की मुलांना वाटतं बोलणारी मीच आहे, मग 'मिळेन' का नाही? तर मिळणाऱ्या मैत्रिणी आहेत, क्रियापद त्यांच्या मागे जातं, म्हणून 'मिळतील'. 'मला आवडेल, मला जमेल' हे आपण रोज ऐकतो ना, तोच 'ल' उचलून 'मी'ला चिकटवला जात असावा असं मला वाटतं. 'मला' आणि 'मी' अशी दोन वाक्यं लागोपाठ दिली की कोण कुठे अडकतंय ते लगेच दिसतं. आणि हो, 'करीन' आणि 'करेन' यात मार्क कापू नका, दोन्ही चालतात, 'करील' आणि 'करेल'चंही तेच.

सहाव्या जागेत 'आधीच' नसेल तर 'बसाल' हे उत्तरही बरोबर ठरतं, म्हणून तो शब्द गाळू नका. कोणी 'बसला असाल' लिहिलं तर तेही बरोबर द्या. आठवी आणि नववी शुभेच्छा आहेत, इथे 'लाभेल' लिहिणारे खूप निघतात. 'लाभेल' म्हणजे होणारच असं सांगितलं, 'लाभो' म्हणजे तसं व्हावं अशी इच्छा केली. आरोग्य एकच म्हणून 'लाभो', इच्छा अनेक म्हणून 'होवोत', हा अनेकवचनाचा 'त' हमखास राहतो. दहावी जागा मार्कांना धरू नका, ती तोंडी घ्या: निघायचं अजून बाकी आहे तरी रूप वर्तमानकाळाचं का, आणि 'जातो' न म्हणता 'येतो' का, यावर मुलं छान बोलतात.

वर्कशीटचा दुसरा भाग म्हणून हेच भाषण एका मुलाच्या तोंडी द्या आणि काय काय बदलेल ते विचारा. 'घेणार आहे, येईन, विसरणार नाही' यातलं काहीच बदलत नाही कारण या रूपांना लिंग नाही, आणि इथेच मुलं उगाच काहीतरी बदलायला जातात. मग सहाव्या वाक्यात 'तुम्ही'च्या जागी 'मी' घालायला सांगा, तिथे मात्र मुलगा 'बसलेला असेन' म्हणेल आणि मुलगी 'बसलेली असेन', आणि दहाव्यात 'आम्ही' काढून 'मी' घातलं की 'येतो मी' आणि 'येते मी'. एका तासिकेत दोन्ही भाग उरकायला जाऊ नका, पहिला भाग तपासून चर्चा झाली की दुसरा घरी द्या आणि तपासताना आधी तिसरी, चौथी आणि पाचवी जागाच बघा, कुठल्या मुलाचं काय अडलंय ते त्या तीन उत्तरांवरून कळतं.