१४ डिझॉल्वपैकी एक ठेव

प्रिय,

तुझ्या लघुपटाचा रफ कट दोनदा पाहिला. ११ मिनिटांत १४ डिझॉल्व आहेत, चौदा ठिकाणी एक शॉट विरत असतानाच त्यावर दुसरा उमटतो, आणि सगळे २५ फ्रेमचे, म्हणजे बरोबर एका सेकंदाचे. सॉफ्टवेअरने दिलेली लांबी तशीच राहिली आहे. माझ्या मते यातला एकच राहावा. एका जागी मॅच कट, म्हणजे दिसायला सारख्या दोन गोष्टींवर सरळ कट, जमेल, उरलेल्या बारा ठिकाणी साधा कट पुरे.

आधी टाइमलाइनची प्रत काढ आणि तिच्यातले सगळे डिझॉल्व उडव. १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त जळत्या काडीवरून वाळवंटातल्या सूर्योदयावर जाणारी जागा मुळात डिझॉल्व म्हणूनच ठरली होती. त्या काळी डिझॉल्व प्रयोगशाळेत तयार होत. संकलनाच्या टेबलावर दोन शॉट नुसते जोडलेले असत. डेव्हिड लीन आणि संकलक अ‍ॅन कोट्स यांनी तो जोड तसाच पाहिला आणि डिझॉल्व रद्द केला. तुझे जोडही एकदा असे उघडे पाहा. कुठे किती वेळ गेला हे जिथे खरंच कळत नाही, तेवढीच जागा कागदावर लिही.

बापलेकाच्या भांडणात तू मधलं एक वाक्य काढलं आहेस. वडिलांचा चेहरा उडी मारतो म्हणून वर डिझॉल्व लावला आहे. दोन्ही शॉट एकाच कोनातले, एकाच आकाराचे. त्यामुळे मधल्या काही फ्रेममध्ये वडिलांना चार डोळे दिसतात. अर्थाची अडचण त्याहून मोठी. डिझॉल्व दिसला की प्रेक्षक धरून चालतो, मध्ये वेळ गेला. म्हणजे सलग चाललेलं भांडण त्याच्या लेखी थांबतं आणि नंतर कधीतरी पुन्हा सुरू होतं. तिथे मुलगा ऐकतो आहे असा शॉट दीड सेकंद घाल आणि वडिलांचा आवाज त्यावरून वाहू दे. वाक्य गेल्याचं कुणाला जाणवणार नाही.

ठेवायचा डिझॉल्व ओट्यावरचा. आजी एसटीची वाट पाहत बसली आहे, दुपारची संध्याकाळ होते, चौकट मात्र तीच. इथे वेळच दाखवायचा आहे आणि त्याला एक सेकंद फार कमी पडतो; ढग आल्यासारखं वाटतं. ६० फ्रेम कर. कटच्या मधोमध बसवलास तर पहिल्या शॉटच्या शेवटानंतर ३० आणि दुसऱ्याच्या सुरुवातीआधी ३० फ्रेमचं फुटेज शिल्लक हवं. नसेल तर सॉफ्टवेअर टोकाची फ्रेम गोठवून भरतं, आणि वाऱ्यावर हलणारी तुळस मध्येच थबकते. तसं दिसलं तर दोन्ही शॉट थोडे आत कापून घे. मग डिझॉल्वच्या मध्यावर थांबून एक फ्रेम नीट बघ. उजळ भाग काळोख्या भागावर लवकर उमटतात, म्हणून संध्याकाळचा दिवा आजीच्या चेहऱ्यावर येत नाही ना, ते तपास. खांबावर आला तर हरकत नाही.

आता भाकरीची जागा. वरून घेतलेला तवा आणि मेसमधलं ताट, दोन्ही गोल. घर सुटल्याचं हे दोन गोल एका क्षणात सांगतात. डिझॉल्वने तो क्षण पसरट होतो. ताटाचा शॉट वरच्या ट्रॅकवर ठेव, अपारदर्शकता ५० टक्के कर, म्हणजे तवा खालून दिसेल. ताट लहान पडतं आहे, ते साधारण १३० टक्क्यांपर्यंत वाढव. तुझं चित्रण ४केमध्ये आणि टाइमलाइन एचडी आहे, त्यामुळे २०० टक्क्यांपर्यंत चित्र मऊ पडणार नाही. कडा तंतोतंत जुळवण्यात रात्र घालवू नकोस. गोलाचा मध्य आणि आकार जुळला की पुरे, कारण नजर कटच्या आधी जिथे होती तिथेच राहते.

खरी गडबड हालचालीची आहे. आजीचा हात भाकरी उजवीकडून डावीकडे उलटतो आणि वाढप्याचा हात डावीकडून येतो, म्हणून नजरेला झटका बसतो. उजवीकडून वाढतानाचा टेक असेल तर तो घे. नसेल तर ताटाचा शॉट आडवा उलटवता येईल, फक्त ताटावर कोरलेलं नाव उलटं दिसत नाही ना, हे बघ. भाकरी हवेत असतानाच काप. ती तव्यावर पडू दिलीस तर हालचाल संपते आणि कट उघडा पडतो. तव्याचा आवाज ताटावर आणखी १० फ्रेम राहू दे.

पंख्यावरून एसटीच्या चाकावर नेलेला मॅच कट मात्र काढ. दोन्ही फिरतात, याहून त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. आणि तो भाकरीच्या आधी येत असल्यामुळे प्रेक्षक पुढचा गोल शोधायला लागतो, मग तवा दिसताच त्याला ताट कळून चुकतं. तिथे एसटीचा हॉर्न १५ फ्रेम आधी पंख्यावर येऊ दे आणि सरळ कट कर.