नकाशाच्या स्क्रीनशॉटवरून रस्ता लिहून देताना

प्रश्न: माझ्याकडे मार्गाचा फक्त स्क्रीनशॉट आहे. गाडी चालवणाऱ्याला वाचून समजेल असा रस्ता त्यावरून कसा लिहू? माझं डावं-उजवं दर वेळी चुकतं.

डावं-उजवं चुकतं ते रेघ खाली येत असताना. नकाशात सहसा उत्तर वर असते. मार्ग वरून खाली येत असेल, तर चालकाचं तोंड दक्षिणेला असतं, म्हणून पडद्यावरची उजवी बाजू त्याच्या डाव्या हाताला येते. डोक्यात हिशेब करत बसू नका. स्क्रीनशॉट असा फिरवा, की तुम्ही वाचत असलेला टप्पा खालून वर जाईल. मग जे दिसतं तेच लिहा, आणि प्रत्येक वळणानंतर पुन्हा फिरवा. मूळ नकाशाच फिरवलेला असेल तरी ही युक्ती चालते, कारण उत्तर कुठे आहे याच्याशी तिला घेणं-देणं नाही.

समजा, स्क्रीनशॉटवर एकूण ५.४ किमी लिहिलंय. रेघ वरून खाली येते, पडद्यावर उजवीकडे वळते, बरंच अंतर जाऊन एका सर्कलला पोहोचते आणि तिथून पुन्हा खाली उतरते. फिरवून पाहिलं, की पहिलं वळण डावीकडचं निघतं आणि सर्कलवरचं उजवीकडचं. पण सर्कलवर नुसतं 'उजवीकडे' लिहू नका. वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असेल, तर सर्कलला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळसा घालावा लागतो. चार रस्त्यांच्या सर्कलवर पहिला रस्ता डावीकडे, दुसरा समोर आणि तिसरा उजवीकडे जातो. म्हणून 'तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडा' असं लिहावं.

टप्प्यांची अंतरं बहुतेक वेळा स्क्रीनशॉटवर नसतात, एकूण आकडाच असतो. कोपऱ्यात मोजपट्टी असेल, तर कागदाच्या कपट्यावर तिची लांबी टिपून घ्या आणि तो कपटा रेघेवर पुढे पुढे सरकवत मोजा. चित्र मोठं केलं तर पट्टीही तितकीच मोठी होते, त्यामुळे त्याच आकारात दोन्ही मोजलं की झालं. आपल्या उदाहरणात १.८, २.६ आणि ०.७ असे आकडे आले. बेरीज ५.१, म्हणजे ३०० मीटर कमी. असा फरक दिसला, की बाकदार टप्पा शोधा. इथे मधल्या टप्प्यात रस्ता मोठा बाक घेतो आणि तिथेच कपटा आडवा सरळ ठेवला गेला. बाकाच्या कडेकडेने छोटे तुकडे करून मोजल्यावर २.९ आले आणि बेरीज जुळली. मोजपट्टीच नसेल, तर एकूण अंतर रेघेच्या लांबीच्या प्रमाणात वाटून घ्या, आणि अशा आकड्यांआधी 'सुमारे' लिहा.

खुणा निवडताना, वळणाच्या आधी दिसेल अशी एक खूण लागतेच. वळणावरचीच खूण सांगितली, तर ती दिसेपर्यंत चालक चुकीच्या लेनमध्ये असतो. शिवाय वळण हुकलं तर कळावं म्हणून त्यापुढचीही एक खूण द्या. छोटी दुकानं टाळा. नकाशात त्यांची चिन्हं चालकाला लांबून दिसेल त्या जागी असतीलच असं नाही. पेट्रोल पंप, पूल, रेल्वे फाटक, पाण्याची टाकी या खुणा भरवशाच्या.

तयार मजकूर असा होईल:

निघताना ट्रिप मीटर शून्य करा.

१. सरळ १.८ किमी. दीड किमीच्या सुमारास डाव्या हाताला पेट्रोल पंप लागेल. त्यापुढच्या पहिल्या सिग्नलला डावीकडे वळा. रेल्वे फाटक आलं, तर वळण मागे राहिलं.

२. २.९ किमी. रस्ता मोठा बाक घेईल, मुख्य रस्ता सोडू नका. डाव्या हाताला पाण्याची टाकी दिसली की पुढे सर्कल (मीटर ४.७). तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडा.

३. ७०० मीटर. नाल्यावरचा पूल ओलांडल्यावर उजव्या हाताला शाळा, तिच्या शेजारचं निळं फाटक (मीटर ५.४).

फाटकाचा रंग अर्थातच यजमानाला विचारून घातलाय, तो नकाशात कुठून दिसणार!

मुक्काम उजव्या हाताला असला, की रेघेचं टोक मोठं करून पाहा. ती मुक्कामाच्या पुढे जाऊन मागे फिरत असेल, तर मध्ये दुभाजक आहे आणि यू-टर्न वेगळी पायरी म्हणून लिहावा लागेल. उड्डाणपुलाचं मात्र अवघड आहे. पूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड चित्रात एकमेकांवर येतात आणि रेघ वरून जाते की खालून, ते उमगत नाही. पुलाखालच्या चौकात वळायचं असेल तर गाडी खालीच हवी, हे उघड आहे. तसं वळण नसेल, तर त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला विचारा आणि 'पुलावर चढू नका' किंवा 'पुलावरून जा' हे चढ सुरू होण्याआधीच्या ओळीत लिहा. एकदा चढ लागल्यावर वाचून उपयोग नाही.