मध्यरात्र, पण कोणाच्या घड्याळाची?

प्रश्न: करार आणखी दोन वर्षं वाढवायचा असेल तर '30 जून 2025 च्या मध्यरात्रीपर्यंत' नोटीस द्यायची, असं कलम आहे. आम्ही 30 ला रात्री सव्वाअकराला ईमेल केला. समोरची कंपनी आमच्यापेक्षा पाच तास पुढे आहे. मुदत संपली, असं ते म्हणतात. खरं आहे का?

उत्तर: करारातलं नोटिशीचं कलम आधी काढा. नोटीस 'पाठवताच' दिली असं मानायचं, की 'मिळाल्यावर'? निकाल बहुधा या एका शब्दावर लागेल. 'पाठवताच' असेल तर काम तुमच्या ठिकाणी पूर्ण झालं आणि घड्याळ तुमचं, हा युक्तिवाद भक्कम आहे. 'मिळाल्यावर' असेल तर ईमेल पोचला तेव्हा त्यांच्याकडे 1 जुलैचे पहाटेचे सव्वाचार वाजले होते, आणि पारडं त्यांच्याकडे झुकतं.

ईमेलच्या हेडरवर फार विसंबू नका. तुमची आणि त्यांच्या सर्व्हरची नोंद अशी दिसेल:

```
Date: Mon, 30 Jun 2025 23:15:08 +0000
Received: ...; Tue, 1 Jul 2025 04:15:11 +0500
```

दोन्ही खऱ्या आहेत, त्यांत अंतर फक्त तीन सेकंदांचं आहे. हेडर क्षण सिद्ध करतो. तारीख कोणाची धरायची, हे करारच सांगतो.

कलम मुकं असेल तर मुदतीचं वाक्य मसुद्यात कोणी घातलं ते शोधा. आंतरराष्ट्रीय व्यापारी करारांसाठीच्या युनिद्रुआ तत्त्वांच्या कलम 1.12 नुसार, परिस्थिती वेगळं सुचवत नसेल तर मुदत ठरवणाऱ्या पक्षाच्या व्यवसायस्थळाची वेळ धरतात. ही तत्त्वं आपोआप लागू होत नाहीत, पण लवाद त्यांचा आधार घेऊ शकतात. म्हणून मसुद्यांचे जुने ईमेल आजच जपून ठेवा. '30 ची मध्यरात्र' म्हणजे 30 तारीख सुरू होतानाची, असंही ते म्हणू शकतील. 'पर्यंत' या शब्दामुळे तो अर्थ मला कमजोर वाटतो, तरी अशक्य नाही.

'उशीर झाला, सांभाळून घ्या' असं चुकूनही लिहू नका. ती कबुली ठरेल. नोटीस मुदतीत होती आणि सर्व हक्क राखून ठेवले आहेत, एवढंच कळवा.

राग याचा येतो की मुदतवाढीच्या हक्कात न्यायालयं सहसा काटेकोर असतात, आणि तुम्ही शेवटच्या पाऊण तासापर्यंत थांबलात. आठवडाभर आधी पाठवला असता तर हा वादच नव्हता.

नव्या करारात 'मध्यरात्र' शब्दच नको. असं लिहा: 'नोटीस 30 जून 2027 रोजी UTC नुसार 17:00 वाजण्यापूर्वी कलमातील ईमेल पत्त्यावर पोचली पाहिजे.' UTC ही जागतिक प्रमाणवेळ नको असेल तर शहराचं नाव घालून 'त्या दिवशी तिथे चालू असलेली स्थानिक वेळ' म्हणा. नुसतं IST लिहू नका, ते भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघांचंही आहे. EST लिहिलंत तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ त्याच्या एक तास पुढे असतं, आणि भांडण त्या एका तासावर सुरू होतं.