रिटेन्शन वाढवलं की शेअरचा भाव वाढतो का?

प्रश्न: आरओई १८ टक्के आणि रिटेन्शन ६० टक्के, म्हणजे वाढीचा दर १०.८ टक्के आला. अपेक्षित परतावा १२ टक्के धरून डिव्हिडंड ग्रोथ मॉडेलमध्ये घातला तर भाव फारच मोठा येतो, आणि रिटेन्शन वाढवलं की आणखी वाढतो. माझं काही चुकतंय का?

गुणाकार बरोबर आहे. चूक त्यानंतरच्या पायरीवर आहे, आणि या पायरीवरून माझं पहिल्याच नोकरीत वरिष्ठांशी वाजलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. खालच्या सूत्रांत g म्हणजे वाढीचा दर, b म्हणजे रिटेन्शन, म्हणजे नफ्यातला राखून ठेवलेला वाटा, ROE म्हणजे भागधारकांच्या भांडवलावरचा नफा, P0 आजचा भाव, D1 येत्या वर्षाचा लाभांश आणि r अपेक्षित परतावा.

```
g  = b × ROE
P0 = D1 / (r − g)
```

तेव्हा एका कंपनीचा अहवाल आमच्याकडे होता. शेअरमागे पुस्तकी मूल्य १०० रुपये, नफा १५, म्हणजे आरओई १५ टक्के. कंपनी ४० टक्के नफा राखून ठेवायची आणि ९ रुपये लाभांश वाटायची. वाढ ६ टक्के, अपेक्षित परतावा १२ टक्के, भाव ९ भागिले ०.०६ म्हणजे १५० रुपये. मग कंपनीने जाहीर केलं की नव्या उत्पादन लाइनसाठी यापुढे ६० टक्के नफा राखणार. वरिष्ठांनी शीटमध्ये ४० चे ६० केले, वाढ ९ टक्के झाली आणि भाव थेट ३०० वर गेला. ते खूश होते.

मी लाभांशाच्या खान्यावर क्लिक केलं. तिथे सूत्र नव्हतंच, ९ हा आकडा हाताने टाइप केलेला होता. ६० टक्के नफा राखायचा आणि वाटायचेही तेवढेच ९ रुपये, हे १५ रुपयांच्या नफ्यातून कसं जमणार? लाभांश ६ वर यायला हवा होता. तो आणला की ६ भागिले ०.०३ म्हणजे २००. तुमच्याही शीटमध्ये आधी हेच बघा: रिटेन्शन बदललं की D1 आपोआप कमी होतो का? होत नसेल तर मॉडेल एकच रुपया दोनदा मोजतंय, एकदा लाभांशात आणि एकदा वाढीत.

इथपर्यंत त्यांनी मान्य केलं. "बरं, २०० तर २००. रिटेन्शन वाढल्याने भाव वाढला ना?" खरा वाद इथून सुरू झाला.

१५ टक्के आरओई जुन्या भांडवलावरचा आहे. घसारा कापून कापून ज्यांची पुस्तकी किंमत उतरली आहे, त्या जुन्या यंत्रांवर तो मिळतो. आज राखलेला रुपया मात्र आजच्या किमतीच्या यंत्रात जातो. त्यावर काय सुटतं, हे सरासरी आरओईत दिसत नाही. मी जुने ताळेबंद काढून बसले. सहा वर्षांत कंपनीने शेअरमागे साधारण ३० रुपये राखले होते आणि नफा १२ वरून १५ वर आला होता. ३० रुपये गुंतवून ३ रुपयांची भर, म्हणजे नव्या पैशावर १० टक्के. आरओई त्याच काळात १७ वरून १५ वर घसरला होता, त्याचं कारणही हेच. मालकांना १२ टक्के हवेत आणि नवा रुपया १० च कमावतोय.

मग गणित सगळं फिरतं. नव्या पैशावर १० टक्के धरले तर ४० टक्के रिटेन्शनला वाढ ४ टक्के, लाभांश ९, भाव ९ भागिले ०.०८ म्हणजे ११२.५०. रिटेन्शन ६० टक्के केलं तर वाढ ६ टक्के, लाभांश ६, भाव ६ भागिले ०.०६ म्हणजे १००. वाढ ४ वरून ६ झाली आणि भाव साडेबारा रुपयांनी उतरला! नवा रुपया बरोबर १२ टक्के कमावत असता तर रिटेन्शन ४० ठेवा नाहीतर ६०, भाव १२५ च आला असता. करून बघा, ९ भागिले ०.०७२ आणि ६ भागिले ०.०४८.

वरिष्ठांचं म्हणणं, "वाढ जास्त आणि भाव कमी? असं कुठे असतं?" असं असतं, कारण त्या वाढीची किंमत आजच्या लाभांशातून वसूल झालेली असते. पण अहवाल शेवटी २०० रुपयांचाच गेला, माझा हिशेब शेवटच्या पानावर तळटीप म्हणूनही आला नाही. पुढची दोन वर्षं नफा खरोखर सहा टक्क्यांच्या आसपास वाढला आणि भाव खाली आला. त्यांचा निष्कर्ष असा की बाजाराला कंपनी कळली नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे: सहा टक्के वाढ झाली, यातून कंपनीने मालकांचं भलं केलं हे सिद्ध होत नाही. राखलेल्या पैशावरचा परतावा अपेक्षित परताव्याहून कमी असेल तर जितकी वाढ अधिक तितकं नुकसान अधिक. अशा कंपनीने पैसे वाटून टाकावेत.

आता तुमचे आकडे. १२ मधून १०.८ गेले, छेदात उरले फक्त १.२ टक्के. नव्या पैशावरचा परतावा १८ ऐवजी १७ धरा, वाढ १०.२ होते, छेद १.८ होतो आणि एका टक्क्याच्या फरकाने भाव एक तृतीयांशाने उतरतो. एवढा हळवा आकडा कुणापुढे ठेवू नये. शिवाय हे मॉडेल कायमची वाढ मागतं. अर्थव्यवस्थेपेक्षा कायम वेगाने वाढणारी कंपनी एक दिवस अर्थव्यवस्थेएवढीच होईल, ते शक्य नाही. म्हणून १०.८ टक्के काही वर्षांपुरतेच ठेवा, त्या वर्षांचे लाभांश एकेक करून मोजा, आणि पुढच्या टप्प्याला वाढ कमी करताना रिटेन्शनही कमी करा. वाढ ५ टक्क्यांवर आणली आणि रिटेन्शन ६० च राहू दिलं, तर नव्या पैशावर जेमतेम ८.३ टक्के मिळतात असं तुम्ही नकळत गृहीत धरता. मग भाव उगाच कमी येतो.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आरओई वर्षाच्या सुरुवातीच्या भांडवलावर काढा. माझ्या उदाहरणात वर्षअखेरचे १०६ घेतले असते तर आरओई १४.१५ आणि वाढ ६ ऐवजी ५.६६ आली असती. दुसरं, या वाढीला सस्टेनेबल म्हणतात ते नवे शेअर न काढता आणि कर्जाचं भांडवलाशी प्रमाण तेच ठेवून, या अटीवर. तुमचे १८ टक्के कर्ज वाढवून आले असतील तर ते पुढे चालू धरता येणार नाहीत, आणि जोखीम वाढली म्हणून १२ टक्के अपेक्षित परतावाही पुरणार नाही. बायबॅकने भांडवल घटवून आरओई फुगवलेला असेल तर मागच्या चार-पाच वर्षांचा राखलेला नफा आणि नफ्यातली भर या दोनच ओळी मांडून भागाकार करा. तेजी-मंदीच्या चक्रावर चालणाऱ्या धंद्यात मात्र त्याही फसवतात, तिथे तेजीच्या वर्षापासून तेजीच्या वर्षापर्यंत मोजा.