गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय जोरात उडणं चांगलं की वाईट?

प्रश्न: बाबांचे (वय ५८) पाय वर्षभरापासून कडक झाले, चालताना अडखळतात. कमरेच्या एमआरआयमध्ये एल४-एल५ ची गादी सरकलेली निघाली. पण दुसऱ्या डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय एकदम जोरात उडाला आणि चिठ्ठीवर 'नी जर्क ब्रिस्क' लिहिलं. नस दबली असेल तर पाय कमी उडायला पाहिजे ना? काही समजून नाही राहिलं.

उत्तर:

भाऊ, तुमची शंका एकदम बरोबर आहे, आणि जे खटकून राहिलं तेच इथं महत्त्वाचं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, असे पेशंट नेहमी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हातोडी मारतात ती गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या दोरीसारख्या भागावर, म्हणजे टेंडनवर. हा टेंडन मांडीच्या समोरच्या मोठ्या स्नायूचा, क्वाड्रिसेप्सचा. ठोका बसला की तो स्नायू क्षणभर थोडासा ताणला जातो. स्नायूच्या आत, त्याच्या तंतूंना समांतर, काही मिलिमीटर लांबीचे बारीक सेन्सर असतात, त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. स्नायू किती ताणला आणि किती वेगानं ताणला हे सांगणं त्यांचं काम. अचानक ताण आला की स्पिंडलला वेढून असलेली जाड, वेगवान नस (वन-ए फायबर) लगेच सिग्नल सोडते, तो कमरेतल्या एल३-एल४ नसांच्या मुळातून स्पायनल कॉर्डमध्ये, म्हणजे पाठीच्या मणक्यातून जाणाऱ्या नसांच्या मुख्य दोरीत शिरतो आणि तिथं त्याच स्नायूला चालवणाऱ्या मोटर न्यूरॉनला थेट जाऊन भेटतो, मध्ये दुसरा कोणी नाही, एकच जोड. मोटर न्यूरॉन पेटला की मांडीतल्या फिमोरल नर्व्हमधून ऑर्डर परत येते, क्वाड्रिसेप्स आखडतो आणि पाय पुढं उडतो. त्याच वेळी एक छोटा मधला न्यूरॉन मांडीच्या मागच्या स्नायूला थांबवून ठेवतो, नाहीतर तो उलटा ओढेल. ठोक्यापासून स्नायू पेटेपर्यंत साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. मेंदूला विचारायला वेळच नाही.

पण मेंदू या सर्किटवर सतत लक्ष ठेवून असतो. वरून येणाऱ्या तारा या मोटर न्यूरॉनला दाबून ठेवतात, आणि स्पिंडलच्या आतले बारीक तंतू किती ताणून ठेवायचे, म्हणजे सेन्सर किती तिखट ठेवायचा, ते गॅमा नावाच्या न्यूरॉनमार्फत ठरवतात. बैलाचा कासरा हातात धरला असतो ना, तसं. वरच्या तारा कुठं दबल्या किंवा तुटल्या की कासरा सुटतो, खालचं सर्किट मात्र धडधाकट असतं, म्हणून तेवढ्याच ठोक्याला पाय जास्त जोरात उडतो. म्हणजे जोरात उडणं हे ताकदीचं लक्षण नाही.

आता उलटं बघा. पाय उडतच नाही, म्हणजे हे सर्किटच कुठंतरी तुटलं: एल३-एल४ चं मूळ, फिमोरल नर्व्ह, किंवा सगळ्या नसांचा आजार. शुगरच्या पेशंटमध्ये घोट्याचा जर्क आधी जातो, गुडघ्याचा नंतर. तरी एका ठोक्यात 'नाही' म्हणू नये. पेशंटला दोन्ही हाताची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला लावायचं आणि त्याच क्षणी ठोका मारायचा, पुष्कळदा लपलेला जर्क निघतो. काही चांगल्या माणसांचे जर्क मुळातच मंद असतात, दोन्हीकडे सारखे असले आणि ताकद नीट असली तर तेवढ्यानं घाबरायचं नाही. पण दोन-चार दिवसांत पाय लुळे पडत गेले आणि जर्क गेले, तर ती इमर्जन्सी, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात. आणखी एक फसवी जागा आहे. झाडावरून, विहिरीत पडून पाठीला जबर मार बसला तर कॉर्डला धक्का बसून सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, जर्क गायबच असतात आणि मग जोरात परत येतात.

तसंच नुसता ब्रिस्क जर्क म्हणजे आजार असंही नाही. घाबरलेल्या माणसाचे, थायरॉईड वाढलेल्याचे जर्क उड्या मारतात. मी सोबत काय आहे ते बघतो: एका बाजूला जास्त आहे का, एका गुडघ्यावर मारलं तर दुसरी मांडीही आत ओढली जाते का, पाऊल झटक्यात वर दाबून धरलं तर ते टकटक टकटक करत राहते का (क्लोनस), आणि तळपायावर रेघ ओढली तर अंगठा वर उठतो का (बॅबिन्स्की). हे असलं तर कासरा सुटलाच म्हणून समजा.

आता तुमच्या एमआरआयवर येतो. मोठ्या माणसात स्पायनल कॉर्ड कमरेच्या एल१-एल२ मणक्यापाशी संपतो, त्याखाली नुसत्या नसांची मुळं लोंबत असतात. एल४-एल५ ची गादी सरकली तर ती एखादं मूळ दाबेल, बहुतेक एल५ चं, त्यानं गुडघ्याचा जर्क फारसा बदलतही नाही आणि वाढण्याचा तर प्रश्नच नाही. पन्नाशी-साठीत अशी गादी कितीतरी लोकांत दिसते, ज्यांना काहीच त्रास नसतो. म्हणून कडक पाय आणि ब्रिस्क जर्क असतील तर एल१ च्या वर शोधायचं, पाठीत, मानेत, मेंदूत.

एक पेशंट सांगतो. साठीच्या आसपासचा शेतकरी, पाय कडक, कमरेचा एमआरआय झालेला, एका ठिकाणी कमरेच्या ऑपरेशनची तारीखही दिलेली. मी विचारलं, हातानं काही त्रास? म्हणाला, "हाताले काही नाही सायेब, फक्त कापूस येचताना बोटं मागं राह्यते, अन् सदऱ्याची बटनं लागत नाही." दोन्ही गुडघे जोरात उडत होते, क्लोनस होता, अंगठे वर. दंडाच्या पुढचा बायसेप्स जर्क मात्र नव्हता, आणि मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला ठोकलं तर कोपर वाकायच्या ऐवजी बोटं मिटत होती. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स जर्क परत ब्रिस्क. आता जोडा: बायसेप्सचं सर्किट मानेतल्या सी५-सी६ वर, ते तुटलेलं, त्याच्या खालचं सगळं सुटलेलं, वर जबड्याचा जर्क नॉर्मल. म्हणजे गडबड सी५-सी६ पाशीच असणार. मानेचा एमआरआय केला तर तिथंच गादी आणि वाढलेलं हाड मिळून कॉर्ड दाबत होते. नागपूरला मानेचं ऑपरेशन झालं, बिघडणं थांबलं, बोटं बरीच सुधारली, पायाचा कडकपणा थोडा राहिला. उशीर झाला की तेवढं राहतं.

ही पद्धत नेहमीच इतकी स्वच्छ चालत नाही. जुनी शुगर असली तर नसाच मेल्यामुळे जर्क मंद वाटतात आणि वरचा दाब झाकला जातो. आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडचे असाल तर लाखोळीच्या डाळीबद्दलही डॉक्टरला सांगा, महिनोन् महिने तीच मुख्य जेवण असली तर पाय असेच कडक होतात, जर्क ब्रिस्क होतात, पण हात आणि स्पर्श बहुतेक ठीक राहतात.

बाबांना विचारा: बटनं लावता येतात का, चप्पल नकळत निसटते का, लघवीला घाई होते किंवा अडते का. यातलं काही असलं तर कमरेच्या ऑपरेशनचा विचार सध्या बाजूला ठेवा, न्यूरोच्या डॉक्टरला हातांचे जर्कही तपासायला सांगा आणि मानेच्या एमआरआयचं विचारा. तोवर कोणाकडूनही मान मोडून घेऊ नका, कटिंगच्या दुकानात देतात तो मानेचा झटकाही नको, कारण दबलेल्या कॉर्डला तेवढा झटकाही महाग पडू शकतो.