ठिबकच्या दुकानाने ब्लॉग लिहावा का, आणि कशावर?

"रावेरला ठिबकचे सामान विकण्याचे आणि दुरुस्तीचे माझे छोटे दुकान आहे. ब्लॉगची खरंच गरज आहे का? आणि असेल तर गिऱ्हाइकाला आमचं काम कळेल असे कोणते विषय घ्यावेत?"

भाऊ, काही लिहिण्याआधी दोन आठवडे काउंटरवर आणि फोनवर येणारा प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून ठेवा. 'सोळाची नळी काय भावाने?', 'दुकान किती वाजेपर्यंत?' याच प्रश्नांनी पाने भरली, तर ब्लॉगच्या भानगडीत पडू नका. गूगल मॅपवर वेळ, फोटो आणि नंबर नीट ठेवले की भागते. पण 'मोटर चांगली आहे, तरी शेवटच्या केळीला पाणी पोहोचत नाही' असे प्रश्न वारंवार येत असतील आणि दरवेळी तुमचा बराच वेळ समजावण्यात जात असेल, तर तेच उत्तर एकदा लिहून ठेवणे फायद्याचे आहे. मग कोणी विचारले की व्हॉट्सॲपवर लिंक पाठवता येते.

हाच प्रश्न पहिला विषय म्हणून घ्या. ताशी चार लिटरच्या ड्रीपरखाली सहा मिनिटे भांडे धरले, तर साधारण 400 मिली पाणी जमायला हवे, हे मोजपात्राच्या फोटोसह दाखवा. नळीच्या सुरुवातीलाही पाणी कमी पडत असेल, तर आधी फिल्टर तपासायचा: त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमधला फरक नेहमीपेक्षा वाढला असेल, तर जाळी धुण्याची वेळ झाली. सुरुवातीला पाणी पुरेसे आणि शेवटी कमी असेल, तर शेवटच्या भागातला एक ड्रीपर उघडून पाहायचा. पांढऱ्या थरावर ॲसिडचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर तो बोअरच्या जड पाण्याचा क्षार आहे आणि त्याला ॲसिड ट्रीटमेंट लागते. थर बुळबुळीत असेल तर ते शेवाळ किंवा जिवाणू, त्याला क्लोरीन. ही दोन्ही एकत्र केली तर विषारी वायू निघतो, आणि ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे ठळक अक्षरांत लिहा.

याच लेखात 'एवढ्यावर पाणी सुरू झाले, तर नवी नळी घेऊ नका' असेही लिहा. एखादी विक्री बुडेल, पण केळीवाल्या शेतकऱ्याला तुमच्या जाणकारीची खात्री याच वाक्याने पटते.

'ठिबक म्हणजे काय' हा विषय सोडून द्या. कंपन्यांनी आणि कृषी विद्यापीठांनी तो लिहून ठेवला आहे, आणि त्यातून तुमचे दुकान वेगळे दिसत नाही. अनुदानाचे आकडेही टाळा, कारण ते बदलतात आणि जुना आकडा वाचून आलेला माणूस तुमच्याशीच हुज्जत घालतो. त्याला महाडीबीटी पोर्टल दाखवा.

गूगलवरून वाचक येण्यास काही महिने जातात, म्हणून सुरुवातीला भेटींचा आकडा पाहू नका. फोन करणारा 'फेस आला, आता किती ॲसिड लागेल?' असे थेट विचारू लागला, तर लेख कामाला लागला. सहा महिन्यांत असा एकही फोन आला नाही, तर लिहिणे थांबवायला हरकत नाही.