पहिल्या सेल्स मीटिंगनंतर आभाराचा मेल कसा लिहावा?

प्रश्न: कारखान्याला एअर कॉम्प्रेसर विकायचा आहे. पहिली मीटिंग छान झाली. आता आभाराच्या मेलमध्ये नेमकं काय लिहू?

उत्तर: आभार एका ओळीत माना, बाकी मेल ठरलेल्या कामांना द्या. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख हवी. ‘मेंटेनन्स टीम’ असं लिहिलंत तर ते काम कुणाचंच राहत नाही. उदाहरणार्थ:

> नमस्कार सर,
> आज वेळ दिलात आणि कॉम्प्रेसर रूम दाखवलीत, त्याबद्दल आभार. ठरल्याप्रमाणे:
> गेट पास – आपण, सोमवारपर्यंत.
> लोड-अनलोड मोजणारा लॉगर बसवणे – मी, बुधवारी. 7 दिवस चालेल.
> गेल्या 12 महिन्यांची वीजबिलं – आपले अकाउंट्सचे सहकारी (नाव कळवावे), शुक्रवारपर्यंत.
> रिपोर्ट आणि कोटेशन – मी, लॉगर काढल्यावर 3 दिवसांत.
> काही राहिलं असल्यास कृपया कळवा.

क्रम मुद्दाम असा आहे. गेट पासशिवाय लॉगर बसत नाही आणि लॉगरच्या आकड्यांशिवाय वीजबचतीचा हिशोब मांडता येत नाही. पास लांबला तर कोटेशनही लांबेल, हे ग्राहकाला न टोचता दिसतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो न ठरलेली गोष्ट ‘ठरलेली’ म्हणून लिहिल्यामुळे. ते डिस्काउंटबद्दल ‘बघू’ म्हणाले असतील तर ते या यादीत घालू नका. खाली वेगळ्या ओळीत प्रश्न म्हणून विचारा. असा एक शब्द खटकला की पुढचा फोन उचलला जात नाही.

मेल त्याच संध्याकाळी पाठवा. सीसीमध्ये मीटिंगला बसलेलेच लोक ठेवा. त्यांच्या वरिष्ठांना परस्पर जोडू नका.